पिठाच्या चक्कीचं कर्ज आणि हप्त्याचा तक्ता: पंधरा हप्त्यांनंतर

दारव्ह्याकडच्या एका गावात आमची पिठाची चक्की आहे, सोबत मिरची-हळद कांडायची मशीन. दोन्हीसाठी मागच्या मे महिन्यात बँकेकडून २ लाख घेतले. व्याज १२ टक्के, घटत्या बाकीवर, ३६ महिने, हप्ता ६,६४३ रुपये. पहिल्याच आठवड्यात मोबाइलमध्ये शीट उघडून हप्त्याचा तक्ता केला आणि दर महिन्याच्या ५ तारखेला तो बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहते. आता पंधरा हप्ते झाले. तक्ता कुठे कामी आला आणि कुठे फसला, ते लिहिते.

आधी मशीनवाल्याकडचा किस्सा. त्याच्या दुकानातच फायनान्सवाला बसलेला होता. म्हणाला, "बँक १२ टक्के लावते ताई, आमचं फक्त ७." ऐकायला बरं वाटलं. पण त्याचे ७ टक्के फ्लॅट होते, म्हणजे तिन्ही वर्षं पूर्ण २ लाखांवर. वर्षाचे १४ हजार, तीन वर्षांचे ४२ हजार. ते मुद्दलात मिळवून ३६ ने भागले की हप्ता ६,७२२. बँकेच्या १२ टक्क्यांच्या हप्त्यापेक्षा ७९ रुपये जास्तच! कारण साधं आहे. दोन वर्षं हप्ते भरून झाल्यावर घटत्या बाकीच्या कर्जात फक्त पाऊण लाखाच्या आसपास देणं उरतं, आणि फ्लॅटवाला तेव्हाही पूर्ण २ लाखांचंच व्याज घेत असतो. कोणी फ्लॅट दर सांगितला तर शीटच्या एका घरात हे टाकून पहा:

```
=RATE(36,-6722,200000)*12
```

उत्तर १२.८ टक्क्यांच्या जवळपास येतं. म्हणजे बँकेच्या भाषेत त्याचे ७ म्हणजे पावणेतेराच्या वरच. फाइल चार्ज तो वेगळा मागत होता, ते यात धरलेले नाहीत.

आता तक्ता. त्याचं गणित मला समजावलं ते मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. त्यांना टक्का समजत नाही, शेकडा समजतो. वर्षाला १२ टक्के म्हणजे महिन्याला शेकडा एक रुपया. मग व्याज काढायला कॅल्क्युलेटरही लागत नाही: जेवढी बाकी असेल तिचे शेवटचे दोन आकडे बोटाने झाकायचे, उरलं ते या महिन्याचं व्याज. २,००,००० चे दोन आकडे झाकले की २,०००. हप्ता ६,६४३, त्यातून २,००० व्याजात गेले, मुद्दलात पडले ४,६४३. बाकी १,९५,३५७. दुसऱ्या महिन्यात पुन्हा दोन आकडे झाका: व्याज १,९५४ (पुढचे पैसे पूर्ण रुपयात धरले), मुद्दल ४,६८९. तिसऱ्यात व्याज १,९०७, मुद्दल ४,७३६. हप्ता तोच राहतो, आतली वाटणी मात्र दर महिन्याला थोडी आपल्या बाजूने सरकते. शेवटच्या हप्त्यात व्याज जेमतेम ६६ रुपये राहतं.

शीटमध्ये हे तीन ओळींत बसतं. D2 मध्ये कर्जाची रक्कम, B व्याज, C मुद्दल, D बाकी. मग खाली ओढत न्यायचं.

```
B3: =ROUND(D2*12%/12,0)
C3: =6643-B3
D3: =D2-C3
```

हप्ता स्वतः काढायचा असेल तर `=PMT(12%/12,36,-200000)`. बारा हप्ते झाल्यावर बेरीज केली तेव्हा जरा धक्काच बसला. भरले ७९,७१६, त्यातले २०,८३० व्याजात गेले. तीन वर्षांचं सगळं व्याज ३९ हजारांच्या थोडं वर आहे; त्यातलं अर्ध्याहून जास्त पहिल्याच वर्षात वसूल झालं. याला कोणी बँकेची चलाखी म्हणतं, पण तसं नाही. पहिल्या वर्षी त्यांचे पैसे आपल्याकडे जास्त असतात म्हणून व्याज जास्त. फ्लॅटमध्ये दिसते ती चलाखी वेगळी.

पण तक्ता पहिल्याच महिन्यात फसला. ५ जूनला उतारा काढला तर व्याज २,०३८. तक्त्यात २,०००. मामाजी ओट्यावर बसले होते, कागद हातात घेऊन म्हणाले, "अव पोरी, शेकडा एकानं दोन लाखाचे दोन हजार होते. हे अडतीस कायचे घेतले यानं?" मलाही वाटलं, काहीतरी गुपचूप लावलंय. दळणाचे डबे तसेच ठेवून शाखेत गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे दाखवलं: बँक महिने मोजत नाही, दिवस मोजते. ५ मे ते ५ जून ३१ दिवस. २ लाख गुणिले १२ टक्के, गुणिले ३१, भागिले ३६५, बरोबर २,०३८. माझा तक्ता प्रत्येक महिना सारखा धरत होता.

मग मी A मध्ये तारखा टाकल्या आणि व्याजाची ओळ बदलली:

```
B3: =ROUND(D2*12%*(A3-A2)/365,0)
```

तेव्हापासून उतारा रुपया-दोन रुपयांच्या आत जुळतो. जुना तक्ताही शेजारी ठेवलाय, कारण हिशोब डोक्यात करायला तोच सोपा. ३१ दिवसांच्या महिन्यात बँक त्याच्यापेक्षा तीसेक रुपये जास्त लावते, ३० च्या महिन्यात वीस-पंचवीस कमी, आणि ५ फेब्रुवारी ते ५ मार्च हे २८ दिवस असल्यामुळे तेव्हा एकदम सव्वाशेच्या आसपास कमी लागले. वर्षाच्या शेवटी दोन्ही तक्त्यांत फरक राहिला वीसेक रुपयांचा. तुमचा फरक दर महिन्याला एकाच बाजूला वाढत जात असेल तर मात्र शाखेत जा. दर बदलला असेल, किंवा विमा वा कुठला चार्ज कर्जात मिळवला असेल.

मंजुरीच्या कागदांत बँक ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य गोष्टींचा कागद, देते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांना ते लागतं, आणि हप्त्याचा तक्ता त्यातच असतो. मी सही करताना ती पानं उलटली आणि पुढे गेले. तक्ता तिथेच होता हे मला चार महिन्यांनी कळलं!

या सगळ्या खटाटोपाचा खरा फायदा झाला बाराव्या हप्त्याला. मार्च ते मे आमच्याकडे मिरचीचा हंगाम. सकाळपासून रांग असते, संध्याकाळी नाका-डोळ्यांतून पाणी. त्यात तुरीचे थोडे पैसे मिळवून ४० हजार हातात आले. ५ मेला बारावा हप्ता गेल्यावर बाकी होती १,४१,११४ (माझ्या साध्या तक्त्यात). त्याच दिवशी ४० हजार मुद्दलात भरले, बाकी १,०१,११४. आमच्या कागदात आधी भरण्याचा दंड नव्हता. भरण्याआधी तुमच्या कागदात बघा, सगळीकडे सारखं नसतं.

आठ दिवसांनी नवा तक्ता हातात आला तर हप्ता ४,७६०, मुदत तीच, २४ महिने. न विचारता बँकेने हप्ता कमी केला होता. घरात सगळे खूश, महिन्याला जवळपास १,९०० वाचले म्हणून. मी शीटमध्ये दोन्ही रस्ते टाकले. हप्ता ४,७६० केला तर पुढे व्याज जातं १३,१२६. हप्ता ६,६४३ च ठेवला तर कर्ज सतरा हप्त्यांत संपतं, त्यातला शेवटचा फक्त ३,९६० चा, आणि व्याज जातं ९,१३४. काहीच भरलं नसतं तर १८ हजारांच्या वर गेलं असतं. म्हणजे त्याच ४० हजारांनी एका रस्त्याने पाच हजारांच्या वर वाचतात, दुसऱ्याने नऊ हजारांच्या वर. फरक एवढ्याचाच की ते १,९०० दर महिन्याला मुद्दलात पडत राहतात की आपल्या खर्चात जातात.

मी लेखी अर्ज दिला: हप्ता जुनाच ठेवा, मुदत कमी करा. तोंडी सांगून चालत नाही, एकदा सांगून पाहिलं. ५ जूनच्या आत दुरुस्ती झाली. पण हेही खरं की पाऊस दगा देणार असेल, घरात दवाखाना असेल, तर कमी हप्ता घेणारा चुकत नाही. माझ्या जावेने आपल्या शिलाई मशीनच्या कर्जात तोच घेतला आणि तिचं बरोबर होतं.

नुकसान एकदा झालं, जुलैत. पेरणी, खत आणि लेकराच्या शाळेचा खर्च एकाच पंधरवड्यात आला, ५ तारखेला खात्यात ६,१०० होते. हप्ता परत गेला, नऊ दिवसांनी भरला. नऊ दिवस ६,६४३ थकले त्याचं व्याज २० रुपये. आणि हप्ता परत गेल्याचा चार्ज? २९५! बचत खात्यातून कापला, कर्जाच्या बाकीत धरला नाही, म्हणून तक्ता बिघडला नाही. तेव्हापासून ३ तारखेलाच ७ हजार खात्यात टाकून ठेवते, मग दळणाचे पैसे येवोत न येवोत.

हा तक्ता पीक कर्जाला चालत नाही. तिथे महिन्याचा हप्ताच नसतो. दर बदलता असेल तर दर बदलला की त्या ओळीपासून पुढे १२ च्या जागी नवा दर टाकावा लागतो. कागदावर करायचं तर दोन आकडे झाकायची युक्तीही फक्त १२ टक्क्यांनाच. १५ टक्क्यांना शेकडा सव्वा होतो, मामाजी तोही काढतात.

ऑगस्टचा पंधरावा हप्ता गेला, तक्त्यात बाकी ८४,०४९. काल मामाजींनी स्वतःहून कागद मागितला, शेवटच्या दोन आकड्यांवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "आठशे चाळीस." मी म्हटलं, "मामाजी, ५ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर, दिवस एकतीस." त्यांनी डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी मोजलं. "मंग आठशे सत्तावन-अठ्ठावन धर."

शीटमध्ये ८५७ होते.