‘आधी माणूस द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकाला लगेच जोडायचं की एक प्रश्न विचारायचा?

बँकेच्या चॅटवर पहिलाच संदेश येतो: ‘माणसाशी बोलायचंय.’ तक्रार काय, खातं कुठलं, काहीच नाही. बॉटने अशा वेळी काय करावं, हे चॅट सुरू करण्याआधीच ठरवावं लागतं.

पहिला मार्ग म्हणजे काही न विचारता थेट जोडणं. टेबलावर दोन-तीनच माणसं असतील आणि तीच सगळी कामं पाहत असतील, तर हाच बरा. ग्राहक लिहीत नाही त्याला कारणं असतात: फसवलो गेल्याची लाज, टायपिंगचा कंटाळा किंवा मागच्या वेळी बॉटने गोल गोल फिरवल्याची आठवण. मात्र कार्ड, कर्ज आणि फसवणूक यांची टेबलं वेगळी असली की थेट जोडणी अंगाशी येते. माणूस भेटतो, पण चुकीचा. ग्राहक सगळं सांगतो, मग त्याला दुसरीकडे पाठवलं जातं आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा मार्ग म्हणजे एकच प्रश्न, तोही रांगेत नंबर लावून झाल्यावर:

‘जोडतोय, तुमच्या आधी ४ जण आहेत. तोवर सांगता आलं तर: माझ्या नकळत पैसे गेले / व्यवहार अडकला / माणसालाच सांगेन.’

तिसरं बटण दाबलं किंवा काहीच दाबलं नाही, तरी रांगेतला नंबर तसाच राहायला हवा. ‘समस्या सविस्तर लिहा’ विचारलंत, तर उत्तर ठरलेलं आहे: ‘माणूस द्या.’ इथे खाते क्रमांकही मागू नये. नुकताच फसलेला माणूस तो मागणाऱ्यावरच संशय घेतो, आणि ते बरोबरच आहे.

पहिलं बटण दाबणाऱ्याला वाट पाहायला लावणं महागात पडतं. तिऱ्हाइताने केलेल्या फसवणुकीत, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसेल आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने बँकेला कळवलं, तर नुकसान ग्राहकावर येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. म्हणून हे बटण थेट फसवणुकीच्या टेबलावर जावं. टेबल रात्री बंद असेल तर ‘सकाळी १० ला बोलू’ एवढ्यावर भागत नाही. कार्ड बंद करण्याचा चोवीस तास चालणारा क्रमांक आणि सायबर फसवणुकीचा १९३० तिथेच दिसायला हवेत.

‘आधी समस्या सांगा, मग माणूस’ असा हट्ट धरणारा तिसरा मार्गही वापरात आहे. आकड्यांत तो छान दिसतो, कारण वैतागून निघून गेलेला ग्राहक ‘बॉटनेच सोडवलं’ या खात्यात मोजला जातो. तो घेऊ नये.

तुमची टेबलं वेगळी असतील तर दुसरा मार्ग घ्या, पण आधी तपासा: बॉटला `manus pahije`, `konitari bola` हे कळतं का? बरेच ग्राहक मराठी असंच टाइप करतात. ‘मला समजलं नाही’ असं उत्तर आलं, तर प्रश्न विचारण्याची वेळच येत नाही.