वातड ते लुसलुशीत: मग केकचे आठ महिने

गुढीपाडव्याला घरात मायक्रोवेव्ह आला. 20 लिटरचा, साधा, म्हणजे फक्त गरम करणारा. कन्व्हेक्शन नाही, ग्रिल नाही. मागच्या पट्टीवर 700 वॅट लिहिलंय. घेताना डोक्यात दूध, भात, पापड एवढंच होतं. पण मुलगा बारा वर्षांचा आहे आणि त्याला रात्री साडेनऊला गोड खायची हुक्की येते, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी मगमधला केक होतोच. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानापासून मी त्याच्या नोंदी ठेवल्यात. हा अनुभव त्या पानांवरूनच लिहितेय.

पहिले तीन महिने केक वातड व्हायचा. दुसरा शब्दच नाही. चमचा खुपसला की आत जायच्या ऐवजी अख्खा केक मगमध्ये गोल फिरायचा. एकदा मुलाने ताटलीत उलटा केला आणि म्हणाला, "आई, हा टप्पा खातोय." खरंच खाल्ला.

मी तेव्हा सगळीकडे दिसते तीच कृती करत होते: चार चमचे मैदा, एक अंडं, साखर, कोको, दूध, तेल, आणि फुल पॉवरवर दीड मिनिट. दोष मायक्रोवेव्हचा, असं ठरवून मोकळी झाले होते. मग श्रावण लागला. सासूबाई श्रावणात स्वयंपाकघरात अंडं येऊ देत नाहीत, म्हणून नाइलाजाने अंड्याच्या जागी एक चमचा दही घातलं आणि दूध थोडं वाढवलं. त्या दिवशी केक पहिल्यांदा चमच्याने तुटला! सासूबाईंनीही दोन घास खाल्ले आणि "बघ, उगाच अंडं अंडं करत होतीस" म्हणाल्या. आता यावर काय बोलणार?

नंतर वजनकाट्यावर बघितलं तेव्हा उलगडा झाला. चार सपाट टेबलस्पून मैदा भरतो साधारण 30 ग्रॅम. सोललेलं एक अंडं 50 ग्रॅमच्या आसपास. भट्टीतल्या पारंपरिक पाउंड केकमध्ये अंडी आणि मैदा वजनाला सारखे घेतात. इथे अंडं मैद्याच्या दीडपटीहून जास्त झालं. म्हणजे आपण केक करतच नाही, मैदा घातलेलं गोड ऑम्लेट करतो. त्यात पांढऱ्याचा स्वभाव असा की जास्त तापला की आवळत जातो आणि पाणी बाहेर टाकतो. तो आवळलेला पांढरा म्हणजेच आपल्या दाताखाली येणारं रबर. अंडं घालायचंच असेल तर फक्त पिवळा बलक घाला. मी श्रावणानंतर तो करून पाहिला, छान होतो, चवीला भरीवही लागतो. पण उरलेल्या पांढऱ्याचं रोज काय करायचं, म्हणून घरात दह्याचाच टिकला.

आता माझं प्रमाण. चमचे म्हणजे मापाचे, 15 मिलीचा टेबलस्पून आणि 5 मिलीचा टीस्पून, आणि सपाट भरलेले. शीग लावून भरला तर मैदा सहज दीडपट होतो आणि केक गच्च बसतो. मैदा चार टेबलस्पून, कोको एक, पिठीसाखर अडीच, बेकिंग पावडर पाव टीस्पून, मीठ चिमूटभर. ओल्यात दूध तीन टेबलस्पून, घट्टसर दही एक, तेल दीड. लोण्याऐवजी तेल, कारण लोणी गार होताना घट्ट होतं आणि केकही त्याच्याबरोबर घट्ट होतो. तेल पातळच राहतं. साखर कमी करण्याचा मोह मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा पोत बिघडला, कारण साखर नुसती गोडीसाठी नसते, ती पाणी धरून ठेवते. बेकिंग पावडर वाढवली तर केक जास्त फुगेल असं वाटतं; तो फुगतो आणि मग धपकन बसतो, वर जिभेवर कडवटपणा राहतो तो वेगळाच.

कोरडं सगळं आधी मगमध्येच काट्याने नीट हलवून घेते, गुठळ्या तिथेच मोडते. मग ओलं घालून मोजून पंधरा-वीस फेरे. तळाच्या कोपऱ्यात पीठ अडकत नाही ना एवढंच बघायचं. भज्याच्या पिठासारखं फेटत बसलात तर मैद्याची तार धरते आणि केक चिवट होतो. कणीक घेऊनही पाहिली. कोंडा दूध पितो, म्हणून एक चमचा जास्त दूध लागतं, आणि तरी पोत शिऱ्याच्या जवळ जातो. अर्धी कणीक अर्धा मैदा इतपत चालतं.

पण एवढं सुधारूनही काही दिवस केक छान आणि काही दिवस वातड, असं चालूच होतं. सारं सारखं घालूनही. खरी गोम वेळेत होती, आणि ती कळायला मला गणपती उजाडले.

मायक्रोवेव्हमध्ये मग ठेवला की बाहेरच्या कडेचं पीठ आधी तापतं, मधलं नंतर. फुल पॉवरवर कडा चाळीस सेकंदांत शिजून वर चढतात, तेव्हा मध्ये अजून पातळ पीठ असतं. ते मधलं शिजेपर्यंत आपण थांबतो आणि तोवर कडेचं पाणी वाफ होऊन उडून जातं. भट्टीत वरचा थर तांबूस होतो, त्यावरून अंदाज येतो; इथे पृष्ठभाग पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या फार वर जातच नाही, त्यामुळे रंग येत नाही आणि डोळे फसतात. वरून ओलसर दिसतोय म्हणून आणखी दहा सेकंद लावले की संपलं. वहीत बघते तर बिघडलेल्या बहुतेक केकांसमोर "अजून 10 से." किंवा "अजून 15 से." असं माझंच अक्षर आहे.

आता मी पॉवर 80 टक्क्यांवर ठेवते आणि 85 सेकंद लावते. आमच्या साध्या मशीनमध्ये कमी पॉवर म्हणजे यंत्र थोडा वेळ चालतं, थोडा वेळ गप्प बसतं, आवाजावरून कळतं. त्या गप्प वेळात कडेची उष्णता आत सरकते. बाहेर काढते तेव्हा मधोमध रुपयाच्या नाण्याएवढा ओला डाग दिसायला हवा आणि कडा मगपासून जेमतेम सुटलेल्या हव्यात. तसाच एक मिनिट ओट्यावर ठेवायचा. आतल्या वाफेवर तो डाग आपोआप शिजतो. मिनिटभराने बोट लावून पीठ चिकटलं तरच पुन्हा आठ सेकंद, त्याहून जास्त नाही. दूध थेट फ्रीजमधलं असेल तर आधीच पाच-सात सेकंद वाढवून धरते.

हे 85 सेकंद माझ्या यंत्राचे आहेत. नाशिकला बहिणीकडे 900 वॅटचा आहे, तिथे माझ्या वेळेने केला तर कडा बिस्किटासारख्या झाल्या. मग आम्ही एक साधा प्रयोग केला. 200 मिली साधं पाणी वाटीत घेऊन, त्यात लाकडी टूथपिक टाकून फुल पॉवरवर उकळी यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. टूथपिक विसरू नका. गुळगुळीत भांड्यात पाणी न उकळता जास्त तापतं आणि हलवल्यावर एकदम उसळतं. माझ्याकडे 1 मिनिट 50 सेकंद लागले होते, तिच्याकडे 1 मिनिट 25. म्हणजे 110 ला 85, हे प्रमाण माझ्या 85 सेकंदांना लावलं की 66 येतात. तिने 80 टक्क्यांवरच 65 लावले आणि पहिल्या फटक्यात जमलं. कुठल्याही नव्या यंत्रावर हाच हिशेब धरा, मात्र पाण्याची वाटी आणि सुरुवातीचं पाणी दोन्हीकडे सारखं हवं.

मगबद्दल थोडं. उंच अरुंद कॉफी मगमध्ये तळाशी चिकट थर राहायचा. आता रुंद तोंडाचा, 350 मिलीचा, सरळ कडांचा मग वापरते आणि पीठ अर्ध्यापेक्षा वर जाऊ देत नाही. सोनेरी कड असलेला मग एकदा चुकून ठेवला तर ठिणग्या उडाल्या. आणि मग फिरत्या काचेच्या मधोमध न ठेवता कडेला ठेवते. मधोमध ठेवला तर तो एकाच जागी गरगरतो, कडेला ठेवला तर आतल्या कमी-जास्त गरम जागांमधून फिरून येतो. एवढ्याने एका बाजूला कच्चा राहायचा तो बंद झाला.

बिघडला तर कापून बघा, आतून बऱ्यापैकी कळतं. उभे लांबट बोगदे दिसले तर जास्त फेटलाय. कडा आणि तळ कडक पण मधला भाग ठीक, तर वेळ जास्त झाली. सगळा केक सारखाच टणटणीत आणि अंड्याचा वास, तर अंडं जास्त. तळाशी गुळगुळीत ओला थर म्हणजे मग अरुंद होता, नाहीतर खाली पीठ नीट मिसळलं नव्हतं.

आठ महिन्यांनंतरची तक्रार एकच, आणि तिला माझ्याकडे पक्का इलाज नाही. हा केक गरम असतानाच खायचा. वीसएक मिनिटांत तो घट्ट व्हायला लागतो, दुसऱ्या दिवशी तर पावाच्या शिळ्या तुकड्यासारखा लागतो. उरलाच तर वर एक चमचा दूध शिंपडून दहा सेकंद फिरवते. मऊ होतो, पण पाच मिनिटांपुरता. म्हणून पाहुण्यांसाठी आधी करून ठेवायचा विचारसुद्धा करू नका. वाढदिवसाचा केक आमच्याकडे अजूनही कुकरमध्ये, शिट्टी आणि रिंग काढून, मिठावर होतो. मग केक फक्त साडेनऊच्या हुक्कीसाठी, मुलगा चमचा घेऊन ओट्याशी उभा असताना.