जोडत जायची फाइल की आधीच आखलेली फाइल? वीज जाते तिथे एसडी कार्डावर नोंदी ठेवताना

अकरा दिवस चाललेल्या लॉगरचं कार्ड काढून संगणकात घातलं, तर फाइल 0 बाइट. लॉगर व्यवस्थित चालू होता, दिवा लुकलुकत होता, मधे एकदा वीज गेली होती एवढंच. विंडोजचं chkdsk चालवल्यावर FILE0000.CHK नावाच्या फाइलीत बरीचशी मोजमापं सापडली. म्हणजे माहिती कार्डावर पोचली होती, फक्त ती कुणाची आहे आणि किती लांब आहे हे कार्डाला कुणी सांगितलंच नव्हतं.

फॅट पद्धतीच्या कार्डावर एक ओळ लिहिताना तीन वेगळ्या जागा गुंतलेल्या असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष माहितीचा 512 बाइटांचा सेक्टर. दुसरी म्हणजे कुठल्या क्लस्टरनंतर कुठला येतो हे सांगणारा फॅट तक्ता. तिसरी डिरेक्टरीतली नोंद, जिच्यात फाइलचं नाव, सुरुवातीचा क्लस्टर आणि लांबी असते. लायब्ररी पहिली जागा सेक्टर भरला की लिहिते, पण लांबी मात्र sync(), flush() किंवा close() झाल्याशिवाय कार्डावर बदलत नाही. मी फाइल उघडी ठेवून नुसतं println() करत होतो, म्हणून लांबी शेवटपर्यंत शून्यच राहिली.

तेव्हा पहिला पर्याय, म्हणजे काहीच न करता फाइल उघडी ठेवणं, हा पर्यायच नव्हे. तो सोडून उरलेल्या दोघांची तुलना करू. उदाहरण एकच धरतो: तापमान आणि आर्द्रता, दर 10 सेकंदांनी एक नोंद, नोंद बरोबर 32 बाइटांची, रोज एक नवी फाइल. दिवसाला 8640 नोंदी, म्हणजे 2,76,480 बाइट, म्हणजे नेमके 540 सेक्टर.

जोडत जायचं आणि दरवेळी सिंक करायचं

बहुतेकांचा मार्ग हाच, आणि पुष्कळ ठिकाणी तो पुरतो. ओळ लिहा, लगेच sync() करा. दरवेळी open() आणि close() केलं तरी परिणाम तोच, फक्त फाइल शोधण्याचं काम उगाच वाढतं. वीज गेली तर सहसा हातातली एक ओळच जाते.

खर्च कुठे आहे ते पाहा. प्रत्येक सिंकला माहितीचा सेक्टर लिहिला जातो आणि लांबी वाढली म्हणून डिरेक्टरीचा सेक्टरही. दिवसाला 540 सेक्टरांच्या मजकुरासाठी 17,280 वेळा लिखाण. कार्ड झिजेल ही भीती या वेगाला फारशी खरी नाही, कार्डातला कंट्रोलर झीज वाटून घेतो. भीती वेगळीच आहे: डिरेक्टरीच्या त्याच सेक्टरमध्ये शेजारच्या फाइलींच्या नोंदीही असतात. एका सेक्टरमध्ये 32 बाइटांच्या अशा 16 नोंदी मावतात. तो सेक्टर लिहिला जात असताना वीज गेली आणि तो खराब झाला, तर आजच्या फाइलीबरोबर मागच्या आठवड्याच्या फाइलीही दिसेनाशा होऊ शकतात. दिवसातून 8640 वेळा आपण हा जुगार खेळतो.

सहा नोंदींना एकदा, म्हणजे मिनिटाला एकदा सिंक केलं तर जुगार 1440 वर येतो आणि नुकसान सहसा एका मिनिटाच्या आतलंच. खोलीच्या तापमानासाठी मी डोळे झाकून हेच करेन. शिवाय सुरू होताना फाइलीत आधी एक रिकामी ओळ टाकावी, म्हणजे मागची अर्धवट ओळ नव्या ओळीला चिकटत नाही.

आधी आखून ठेवायचं आणि घरात लिहायचं

दुसरा मार्ग थोडा कष्टाचा, पण वीज रोज जाते तिथे माझी पसंती त्याला. दिवसाची फाइल सुरुवातीलाच पूर्ण लांबीची करून ठेवायची: प्रत्येक नोंदीला एक घर, म्हणजे 8640 ओळी, प्रत्येकीत 30 स्पेस आणि ओळ बदलाची दोन अक्षरं. मग दिवसभर लांबी बदलत नाही, क्लस्टर वाढत नाहीत, म्हणजे डिरेक्टरी आणि फॅट तक्त्याला हात लावायची वेळच येत नाही. प्रत्येक सिंकला फक्त माहितीचा एक सेक्टर लिहिला जातो. धोक्याचं सगळं काम मध्यरात्रीच्या त्या काही सेकंदांत उरकतं.

कुठल्या घरात लिहायचं हे घड्याळच सांगतं:

```cpp
uint32_t slot = secOfDay / 10;
file.seekSet(slot * 32UL);
file.write(line, 32);
file.sync();
```

वीज गेली आणि परत आली, तर फाइलीचा शेवट शोधत बसायला नको. वेळ वाचली की घर मिळालं. वीज नसतानाची घरं कोरी राहतात आणि वीज कधीपासून कधीपर्यंत नव्हती हे फाइल उघडताच दिसतं. फाइल मात्र O_RDWR | O_CREAT ने उघडायची. FILE_WRITE मध्ये शेवटी लिहिण्याचा गुण असतो आणि काही लायब्ररींत तो तुमचा seek धुडकावून लावतो.

दोन बारकावे मला उशिरा कळले. SdFat लायब्ररीत preAllocate() आहे, आणि मोह होतो की तेच वापरावं. पण ते फाइलीची लांबी लगेच पूर्ण करून टाकतं, आतला मजकूर पुसत नाही. कोरे करण्याचं काम चालू असताना वीज गेली, तर उरलेल्या भागात त्या जागी पूर्वी असलेल्या, कदाचित पुसून टाकलेल्या फाइलीच्या नोंदी तशाच राहतात, आणि त्या अगदी खऱ्या दिसतात. त्यापेक्षा सरळ 540 सेक्टर कोरे लिहावेत आणि सिंक शेवटी एकदाच करावं. मधे वीज गेली तर लांबी 2,76,480 भरत नाही, आणि पुढच्या वेळी तेवढं तपासून पुन्हा आखता येतं.

दुसरा बारकावा तारखेचा. SdFat ला फाइलीची बदलाची वेळ कळावी म्हणून कॉलबॅक देता येतो. तो दिला की लांबी न बदलताही प्रत्येक सिंकला डिरेक्टरीची नोंद पुन्हा लिहिली जाते, आणि आपण ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते सगळं पाण्यात. फाइल तयार करताना कॉलबॅक द्या, नंतर काढून घ्या. तसंही फॅटमधली बदलाची वेळ दोन सेकंदांच्या पटीतच असते. खरी वेळ ओळीतच हवी.

माझी ओळ अशी दिसते:

```
1767225600,004213,+2841,061*3F
```

पहिला आकडा युनिक्स वेळ (इथे 1 जानेवारी 2026, 00:00:00 यूटीसी), दुसरा लॉगर सुरू झाल्यापासूनचा नोंद क्रमांक, मग 28.41 अंश, 61 टक्के. ताऱ्यापुढे आधीच्या सगळ्या अक्षरांचा एक्सॉर आहे. वाचताना तो जुळला नाही तर ओळ टाकून द्यायची. नोंद क्रमांक अचानक 000001 झाला की तिथे वीज येऊन गेली असं समजायचं.

हा मार्गही अभेद्य नाही. एका सेक्टरमध्ये 16 नोंदी असल्याने लिहिताना वीज गेली तर तो पूर्ण सेक्टर, म्हणजे 160 सेकंदांची माहिती जाऊ शकते. हे जोडत जाण्यातही होतं. आणि कार्डाच्या आतला कंट्रोलर स्वतःची मांडामांड करत असताना वीज गेली, तर आपण शिवलोही नाही असा भागही बिघडू शकतो. त्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही.

इलाज आहे तो वीज थोडी धरून ठेवण्याचा, आणि तिथे लोक अंदाज चुकतात. कार्ड लिहिताना एरवी काही मिलिसेकंदच घेतं, पण कधीकधी 250 मिलिसेकंदांपर्यंत अडून बसतं. कार्ड आणि बोर्ड मिळून 150 मिलिअँपिअर, आणि 5 व्होल्टपासून 3.6 पर्यंत उतरण्याची मुभा धरली, तर 1000 मायक्रोफॅराडचा कपॅसिटर जेमतेम 9 मिलिसेकंद टिकतो. 250 साठी 27,000 च्या आसपास लागतील. बटणासारखा छोटा सुपरकपॅसिटर आकड्याने पुरेसा वाटतो, पण त्याचा अंतर्गत रोध दहा-वीस ओहमच्या पुढे असतो. 150 मिलिअँपिअर ओढले की व्होल्टेज तिथेच कोसळतं. कमी रोधाचा घ्या, आणि मुख्य पुरवठा गेल्याचं एका पिनवर वाचून नवं लिखाण सुरूच करू नका.

मग घड्याळ कुठलं?

जोडत जाणाऱ्या फाइलीत घड्याळ चुकलं तर वेळ चुकते, एवढंच. आखलेल्या फाइलीत घड्याळ चुकलं तर चुकीच्या घरात लिहिलं जातं, म्हणजे चांगली नोंद पुसली जाते. म्हणून हा निर्णय पहिल्याला बांधलेला आहे.

millis() वीज गेल्यावर शून्यापासून सुरू होतं, तेव्हा ते बाद. DS1307 या घड्याळाच्या चिपमध्ये तापमानाची भरपाई नाही. क्रिस्टल 20 पीपीएमने चुकला तरी महिन्याला सुमारे 52 सेकंद, म्हणजे पाच घरं. DS3231 0 ते 40 अंशांत 2 पीपीएममध्ये राहतं, महिन्याला साधारण 5 सेकंद. दोघांचा आयटूसी पत्ता एकच, 0x68, त्यामुळे बदलायला वायरिंग बदलावं लागत नाही. जोडत जाणार असाल तर हाताशी असलेलं DS1307 चालेल. आखणार असाल तर DS3231 च घ्या. नेटवर्कवरून वेळ घेणारे बोर्ड वीज आल्यावर जोडणी होईपर्यंत 1970 मध्ये असतात, तोवर लिहू नये.

माझी सगळ्यात महागडी चूक मात्र घड्याळाची नव्हती, ती setup() मधल्या एका ओळीची होती. उदाहरणातून उचललेली rtc.adjust(DateTime(F(__DATE__), F(__TIME__))) तशीच राहिली होती. म्हणजे प्रत्येक वेळी वीज आली की घड्याळ कंपाइल केलं त्या क्षणाला परत. एकाच दिवसाच्या फाइलीत त्याच घरांवर तीन दिवसांच्या नोंदी एकावर एक गिरवल्या गेल्या. ती ओळ अशीच असावी:

```cpp
if (rtc.lostPower()) clockBad = true;
```

हे फंक्शन DS3231 चा आंदोलक थांबला होता का ते सांगतं. clockBad असेल तर आखलेल्या फाइलीला हात न लावता BADCLK.CSV मध्ये नुसत्या क्रमांकाने जोडत जायचं आणि घड्याळ माणसाने लावायचं.

वेळ यूटीसीतच ठेवा. जिथे वर्षातून एकदा घड्याळ तासभर मागे घेतात, तिथे स्थानिक वेळेने तो तास दोनदा येतो आणि 360 घरं पुन्हा लिहिली जातात. नोंद घेण्याची वेळही millis() वर नव्हे तर घड्याळावर ठरवा: slot बदलला की मोजा. नाहीतर उनोच्या सिरॅमिक रेझोनेटरची अर्ध्या टक्क्याची चूक दिवसाला 7 मिनिटांपर्यंत जाते, मग कधी एका घरात दोन नोंदी, कधी एकही नाही.

पडताळणीला मी पुरवठ्यात रिले घातला आणि तो दुसऱ्या बोर्डाने 5 ते 40 सेकंदांत कधीही तोडायचा असं रात्रभर चालवलं. सकाळी फाइलीतल्या प्रत्येक ओळीचा एक्सॉर तपासणारी छोटी स्क्रिप्ट, आणि chkdsk. स्क्रिप्टला दोन-चार ओळी सापडल्या तर चालतं. chkdsk ला काही सापडलं, तर ते कार्ड त्या कामाचं नाही.