फॉलिक्युलर आणि डीएलबीसीएल : एका लिम्फोमात थांबायचं, दुसऱ्यात लगेच केमो, असं का?

स्टेज ४ चा लिम्फोमा असलेल्या माणसाला डॉक्टर म्हणतात सध्या काही द्यायचं नाही, तीन महिन्यांनी दाखवा, आणि स्टेज १ वाल्याला म्हणतात याच आठवड्यात तपासण्या उरका आणि केमो सुरू करू. घरच्यांना हे उलटंच वाटतं, आणि वाटणारच, कारण कॅन्सर म्हटला की स्टेज जितकी वरची तितकी घाई जास्त, हेच आपण ऐकत आलोय. लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींतल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, आणि त्यात स्टेज फक्त आजार कुठे कुठे पसरलाय एवढं सांगते. घाई किती आहे ते ठरतं तो कुठल्या प्रकारचा आहे, किती वेगाने वाढतोय आणि शरीराला आत्ता त्रास देतोय का यावर.

लिम्फोमाचे प्रकार पुष्कळ आहेत, पण निर्णयाचा घोळ समजून घ्यायला दोन पुरतात. संथ म्हणजे इंडोलंट गटातला सगळ्यात जास्त दिसणारा फॉलिक्युलर लिम्फोमा, आणि आक्रमक म्हणजे अ‍ॅग्रेसिव्ह गटातला सगळ्यात जास्त दिसणारा डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, रिपोर्टवर याला डीएलबीसीएल म्हणतात. दोन्ही बी पेशींचेच, म्हणजे अँटिबॉडी तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचे.

आधी वेग बघू, कारण बाकी सगळं त्यातूनच येतं. फॉलिक्युलरमध्ये बहुतेक वेळा १४ आणि १८ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल झालेले असतात आणि त्यामुळे बीसीएल-२ नावाचं प्रोटीन जास्त तयार होतं, जे पेशीला मरूच देत नाही. म्हणजे इथे पेशी भराभर वाढतात असं नाही, तर जुन्या पेशी जायच्या त्या जात नाहीत आणि साठत राहतात. म्हणून गाठ दोन-दोन वर्षं जवळपास तेवढीच राहते, कधी थोडी वाढते, कधी औषधाशिवाय आपोआप कमीसुद्धा होते (हे खरंच होतं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी दिलेल्या काढ्याला त्याचं श्रेय जातं). डीएलबीसीएलमध्ये पेशी मोठ्या असतात आणि सतत विभाजन चालू असतं, गाठ आठवड्यांच्या हिशोबाने वाढते.

बायोप्सी रिपोर्टमध्ये केआय-६७ म्हणून एक टक्केवारी दिलेली असते, ती म्हणजे शंभरातल्या किती पेशी सध्या विभाजनाच्या फेऱ्यात आहेत. फॉलिक्युलरमध्ये ती साधारण २० च्या खाली असते, डीएलबीसीएलमध्ये बहुतेकदा ४० च्या वर आणि कित्येकदा ८०-९०, आणि बर्किट म्हणून जो सगळ्यात वेगवान प्रकार आहे त्यात जवळपास १००. पण या एका आकड्यावर निदान होत नाही, काही फॉलिक्युलरमध्येही तो चढा येतो, म्हणून पॅथॉलॉजिस्टने पेशींची रचना बघून काय लिहिलंय ते आधी वाचायचं. फॉलिक्युलरची ग्रेडही बघा, स्टेज वेगळी आणि ही वेगळी, ही तुकड्यात मोठ्या पेशी किती आहेत ते सांगते. ग्रेड १, २ आणि बरेचदा ३ए हे संथ वागतात, ३बी मात्र नावाने फॉलिक्युलर असला तरी उपचार सहसा डीएलबीसीएलसारखे होतात.

वाढीचा हिशोब करताना एक गोष्ट सगळेच विसरतात. रिपोर्टमध्ये गाठीची लांबी-रुंदी असते आणि पेशी मात्र आकारमानात भरलेल्या असतात. गाठ २ सेंमीची ४ सेंमी झाली तर ती दुप्पट नाही झाली, आठपट झाली, म्हणजे तीनदा दुप्पट. हे सहा आठवड्यांत झालं असेल तर दर दोन आठवड्यांनी आजार दुप्पट होतोय, आणि हेच तीन वर्षांत झालं असेल तर दुप्पट व्हायला वर्ष लागतंय. त्यामुळे डॉक्टर "गाठ कधीपासून आहे" असं विचारतात तेव्हा "बरेच दिवस" म्हणू नका, तेव्हा केवढी होती आणि आता केवढी आहे ते नीट आठवून सांगा, जुनी सोनोग्राफी असेल तर ती घेऊन जा.

लक्षणांत काय फरक? फॉलिक्युलरवाला माणूस बरेचदा ठणठणीत असतो, मानेला, काखेत, जांघेत न दुखणाऱ्या गाठी आणि बाकी काही नाही, आणि तरी पेट स्कॅन केला की आजार पोटात, बोन मॅरोत सगळीकडे निघतो कारण तो वर्षानुवर्षं गुपचूप पसरत आलेला असतो. डीएलबीसीएलमध्ये एखादी गाठ डोळ्यांदेखत वाढते आणि जिथे असेल तिथला त्रास सुरू करते. काहींना बी सिम्प्टम्स म्हणतात तीही येतात, ३८ अंशांच्या वर जाणारा आणि दुसरं कारण न सापडणारा ताप, रात्री कपडे-चादर बदलावी लागेल इतका घाम, आणि सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन घटणं. नुसता उकाड्याचा घाम यात धरत नाहीत. आडवं झाल्यावर दम लागणं आणि चेहरा सुजणं, पायातली ताकद जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, लघवी एकदम कमी होणं, यातलं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीत जायचं.

आता खरा गोंधळाचा मुद्दा. जो हळू आहे तो सहसा कायमचा बरा होत नाही, आणि जो वेगवान आहे तो बरेचदा होतो. केमोची बरीचशी औषधं विभाजन होत असलेल्या पेशींना मारतात. डीएलबीसीएलमध्ये त्या भरपूर असतात, म्हणून आर-चॉप (रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, विनक्रिस्टीन आणि प्रेडनिसोलोन, दर २१ दिवसांनी, साधारण सहा सायकल) दिल्यावर निम्म्याहून जास्त लोक कायमचे बरे होतात. न देता थांबलं तर हाच आजार काही महिन्यांत जीव घेतो. फॉलिक्युलरमध्ये औषधाने गाठी छान वितळतात पण सुस्त पडून राहिलेल्या पेशी वाचतात आणि काही वर्षांनी परत डोकं वर काढतात.

मग लवकर औषध दिलं तर निदान आयुष्य तरी वाढतं का? हे तपासून झालंय. ब्रिटनमध्ये सुमारे ३०० लोकांवर झालेल्या आणि २००३ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात त्रास नसलेल्या, पसरलेल्या संथ लिम्फोमावाल्यांपैकी निम्म्यांना लगेच क्लोरॅम्ब्युसिल दिलं आणि निम्म्यांना नुसतं निरीक्षणात ठेवलं. दोन्ही गट सारखेच जगले, आणि थांबलेल्यांपैकी निम्म्यांना उपचार लागेपर्यंत २.६ वर्षं गेली. ते औषध जुनं होतं हा आक्षेप बरोबर आहे, म्हणून पुढे रिटुक्सिमॅब विरुद्ध निरीक्षण असंही करून बघितलं (२०१४ ला आलं), तेव्हा रिटुक्सिमॅबने पुढचा उपचार बराच लांबला पण आयुष्यात फरक दिसला नाही. माझ्या मते ज्याला थांबण्याच्या विचारानेच झोप लागत नाही त्याने डॉक्टरांकडे नुसत्या रिटुक्सिमॅबचा विषय जरूर काढावा, बाकीच्यांनी निवांत थांबावं. आणि आजार खरोखर एकाच भागात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे २४ ग्रे एवढं रेडिएशन देऊन काही जण कायमचे मोकळे होतात, त्यामुळे फॉलिक्युलर म्हणजे थांबायचंच असंही नाही.

एक केस धरून बघू, समजा ५८ वर्षांच्या एक बाई आहेत. मानेच्या गाठी दीड वर्षापासून, बायोप्सीत फॉलिक्युलर ग्रेड २, केआय-६७ १५ टक्के, पेटमध्ये मान, काख, पोट मिळून स्टेज ३, सगळ्यात मोठी गाठ ३.४ सेंमी, बाकी सगळ्या ३ च्या आत. हिमोग्लोबिन १२.४, प्लेटलेट्स नॉर्मल, एलडीएच म्हणजे आजार जोरात असला की रक्तात वाढणारं एन्झाइम, तेही नॉर्मल, ताप-घाम नाही. उपचार लागतात का हे ठरवायला जीईएलएफ नावाचे निकष वापरतात: ७ सेंमीहून मोठी गाठ, किंवा ३ सेंमीच्या वरच्या तीन गाठी वेगवेगळ्या जागी, बी सिम्प्टम्स, त्रास देणारी प्लीहा, छातीत-पोटात पाणी, कुठल्या अवयवावर दाब, रक्तपेशी घटणं. यातलं एकही या बाईंना लागू नाही. म्हणून निरीक्षण, सुरुवातीला दर तीन महिन्यांनी तपासणी आणि रक्त, स्कॅन गरजेपुरता.

आता शेजारी ठेवा ४६ वर्षांचे एक गृहस्थ. पोटात जड वाटतंय म्हणून दाखवलं, महिनाभरापूर्वीच्या सोनोग्राफीत ४ सेंमीची गाठ, आता सीटीत ८, एलडीएच नॉर्मलच्या तिप्पट, वजन घटलेलं. यांची सुई टोचून केलेली एफएनएसी लिम्फोमाचा संशय म्हणते, पण तेवढ्यावर प्रकार ठरत नाही, अख्खी गाठ किंवा जाड सुईने चांगला तुकडा लागतो. इथे एक घोळ नेहमी होतो, ताप-दुखणं कमी व्हावं म्हणून बायोप्सीच्या आधीच कुणीतरी स्टिरॉइड देतं, गाठ तात्पुरती बसते आणि तुकड्यात नीट काही सापडत नाही, मग सगळं परत. निदान डीएलबीसीएल आल्यावर पेट, हृदयाचा इको (डॉक्सोरुबिसिनमुळे) आणि हिपॅटायटिस बी ची टेस्ट (रिटुक्सिमॅबने दबलेला विषाणू उसळू शकतो) एवढं काही दिवसांत उरकून पहिली सायकल सुरू करायची. दुसरं मत घ्यायचं असेल तर तेही याच दिवसांत, बायोप्सीचे ब्लॉक म्हणजे मेणात जपलेले तुकडे सोबत घेऊन, आणि त्यासाठी महिना घालवायचा नाही. गाठ मोठी आणि एलडीएच चढा असेल तर पहिल्या डोसनंतर एकदम इतक्या पेशी फुटतात की युरिक अ‍ॅसिड, पोटॅशियम, फॉस्फेट वाढून किडनी अडकू शकते, म्हणून आधीपासून सलाइन आणि अ‍ॅलोप्युरिनॉल, आणि पहिले काही दिवस रक्ताच्या सारख्या तपासण्या.

त्या बाईंकडे परत येऊ. फॉलिक्युलरचं दरवर्षी साधारण २-३ टक्के लोकांत आक्रमक प्रकारात रूपांतर होतं, आणि निरीक्षण ठेवायचं ते बरंचसं हे पकडायला. समजा चौथ्या वर्षी बाकी गाठी तशाच, पण जांघेतली एक गाठ दीड महिन्यात २ ची ४ सेंमी झाली, एलडीएच वाढला, रात्री घाम सुटायला लागला. अशा वेळी पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही, फोन करून आधीची वेळ मागायची. पेट करून जी गाठ सगळ्यात जास्त चमकते तिचाच तुकडा घ्यायचा, हाताला सोपी लागते म्हणून मानेतली जुनी गाठ काढली तर रिपोर्ट परत फॉलिक्युलरच येईल आणि सगळे निर्धास्त होतील. जांघेतल्या गाठीत डीएलबीसीएल निघाला तर त्या दिवसापासून त्यांचा हिशोब त्या गृहस्थांसारखाच. आतापर्यंत काही दिलेलं नसल्याने आर-चॉप पूर्ण ताकदीने देता येतं आणि आक्रमक भाग पुसला जाण्याची चांगली शक्यता असते. मूळचा संथ भाग नंतर कधी परत येऊ शकतो, म्हणून सहा सायकल संपल्यावरही त्यांच्या तपासण्या चालूच राहतात.