‘सहप्रायोजक’ होण्याच्या नादात गेलेले 1,99,000 रुपये

सांगलीच्या हळद बाजारात माहितीपटाच्या प्रायोजकत्वाचं एक पत्र फिरतंय. आमच्या भागीदारी पेढीचे त्यात 1,99,000 रुपये गेले. करारावर सही झाली तेव्हा 88,500, ‘रफ कट’ म्हणजे कच्चं संकलन दाखवल्यावर 88,500 आणि शेवटी ‘सेन्सॉर व हॉल’ म्हणून 22,000. “एवढे पैसे न बघता दिलेच कसे?” असं विचारणाऱ्यांनी आधी ते पत्र बघावं, मग बोलावं.

विषय होता हरिपूरची पेवं. हळद जमिनीखालच्या कोठारांत साठवायची ही पद्धत आपल्याकडचीच. 2005 च्या पुरात बहुतेक पेवं निकामी झाली, उरलीसुरली कुणीतरी चित्रित करून ठेवायला हवीत, हे बाजारातल्या कुठल्याही माणसाला पटतं. त्यात 2018 ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं. हळदीच्या व्यापाऱ्याकडे याच विषयासाठी पैसे मागायचे, यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं. पत्र शुद्ध मराठीत होतं आणि आणणारा माणूस बाजारातल्याच एकाच्या ओळखीने आला होता. रस्त्यावरच्या भामट्याच्या हातात पैसे ठेवलेले नाहीत आम्ही.

दर तीन होते. मुख्य प्रायोजक 3,00,000, सहप्रायोजक 1,50,000, शुभेच्छुक 25,000. सहप्रायोजकाला मिळणार काय, तर ‘श्रेयनामावलीत योग्य स्थान’, पेढीच्या कारखान्यात थोडं चित्रीकरण, आणि नाट्यगृहातल्या जाहीर प्रदर्शनाचे 60 पास. यातल्या ‘योग्य स्थान’ला काडीची किंमत नाही. खरी मंडळी श्रेय मोजून देतात. नाव सुरुवातीला की शेवटी, एकट्याची पाटी की पाच जणांबरोबर, पडद्यावर किती सेकंद, लोगो की नुसतं नाव, आणि महोत्सवात पाठवायच्या प्रतीत व नंतर यूट्यूबवर टाकायच्या प्रतीतही ते राहणार का, हे सगळं लिहून असतं. जे लिहिलेलं नाही ते मागता येत नाही, आणि ज्यांना काही बनवायचंच नाही ते कशाला लिहितील?

सोबत 18,40,000 रुपयांचं अंदाजपत्रक होतं. बनवणाऱ्याची अक्कल तिथेच उघडी पडते, पण तो कागद वाचायला कुणी शिकवलेलं नसतं. कॅमेरा 22 दिवस, ड्रोन, प्रवास, जेवणखाण, पोस्टर, ‘प्रसिद्धी’. ध्वनीचा मात्र एकही आकडा नाही. ध्वनिमुद्रक नाही, शेवटचं ध्वनिमिश्रण नाही. हळदीचा सौदा सुरू असताना कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर नुसता कलकलाट येतो. बोलणाऱ्याच्या अंगावर वेगळा माइक आणि तो सांभाळायला वेगळा माणूस नसेल, तर मुलाखत वापरता येत नाही. चित्रणाचे रंग जुळवून घेण्याचा, म्हणजे रंगसंस्काराचा, खर्चही यादीत नव्हता, आणि परदेशी महोत्सवांची भाषा करूनही उपशीर्षकांचा खर्च नव्हता. चित्रीकरणाची प्रत सांभाळायच्या हार्ड डिस्कसुद्धा नाहीत. पोस्टरला पैसे आणि आवाजाला शून्य असं अंदाजपत्रक दिसलं, की तिथे फक्त पोस्टरच बनणार हे धरून चाला.

आता ज्या ओळीने अजूनही झोप उडते ती. टीमच्या मागच्या कामांत लिहिलं होतं, ‘मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2023, अधिकृत निवड’. माहितीपटांचा हा महोत्सव दर दोन वर्षांनी भरतो. 2022 ला झाला, त्यानंतर थेट जून 2024 ला. 2023 मध्ये तो भरलाच नव्हता! पत्र आमच्या हातात पडलं जुलै 2024 मध्ये, म्हणजे नुकत्याच झालेल्या महोत्सवाच्या बातम्या ताज्या असताना. फोनवर दोन मिनिटांत कळलं असतं. पण हळदवाल्याने महोत्सवांची वेळापत्रकं पाठ करून बसावं का? पोस्टरवर पानांच्या दोन डहाळ्यांच्या मधे सोनेरी अक्षरं दिसली की माणूस दबतो, आणि त्यांना तेच हवं असतं. निवड झाली असेल तर त्या वर्षीच्या महोत्सवाच्या छापील किंवा संकेतस्थळावरच्या यादीत नाव असतं. ती यादी मागा, पोस्टर मागू नका.

पत्राच्या तळाशी ‘आमचे विश्वासू सहकारी’ म्हणून सहा लोगो होते. त्यातल्या कुपवाडच्या एका कारखान्याला पुढे विचारलं, तर त्यांनी या टीमचं नावही ऐकलेलं नव्हतं. लोगो संकेतस्थळावरून उचलता येतो. फोन करायचा तो पत्रातल्या नंबरवर नाही, त्या कारखान्याच्या स्वतःच्या नंबरवर.

बिल आलं 1,50,000 अधिक 18 टक्के जीएसटी 27,000, एकूण 1,77,000. त्याचेच दोन हप्ते पाडले. इथे दोन गोष्टी होत्या. पहिली, प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी पेढी असेल, तर तेव्हाच्या नियमाने हा कर रिव्हर्स चार्जने आपणच सरकारला भरायचा असतो, बिल देणाऱ्याने तो बिलात लावायचाच नसतो. (16 जानेवारी 2025 पासून बिल देणारी कंपनी असेल तर तीच लावते, बाकीच्यांना जुनाच नियम.) म्हणजे 27,000 सरळ खिशात. आमच्या सीएकडे बिलं महिनाअखेरीला जातात, तोवर पैसे गेले होते. महिनाअखेरीला बिलं पाठवत नाही असा कोण आहे बाजारात?

दुसरी गोष्ट त्या जीएसटी क्रमांकातच होती. क्रमांक 15 अक्षरांचा. पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राचे 27, पुढची दहा म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर माणूस आहे की संस्था ते सांगतं. ते जीएसटी क्रमांकात सहाव्या जागी येतं. P असेल तर व्यक्ती, F पेढी, C कंपनी, T ट्रस्ट. लेटरहेडवर मोठ्या अक्षरांत ‘ट्रस्ट’ आणि सहाव्या जागी P! gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये क्रमांक टाकल्यावर निघालं ते एका माणसाचं मोबाईलच्या सुट्या भागांचं दुकान, आणि नोंदणीसमोर Cancelled. पैसे गेले तिसऱ्याच नावाच्या बचत खात्यात. पत्रावरचं नाव, बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव, तिन्ही एक नसतील तर एक रुपयाही सोडू नका.

आणखी एक चाचणी, फुकटची. “टीडीएस कापून पैसे देतो, पॅन द्या,” एवढंच म्हणा. जाहिरातीच्या कामाचं एक बिल 30,000 च्या वर गेलं की पेढीला तो कापावाच लागतो. खरा निर्माता लगेच पॅन देतो, कारण कापलेला कर त्याच्या विवरणपत्रात जमा धरला जातो. आमच्याकडे पत्र घेऊन आलेल्या माणसाने “सांस्कृतिक कामाला टीडीएस नसतो” असं ऐकवलं. असा काही नियम नाही.

ऑक्टोबरमध्ये चार मिनिटांचा ‘रफ कट’ आला. त्यात आमचा लोगो झळकला आणि दुसरा हप्ता सुटला. नंतर घरात मोठ्या पडद्यावर लावून बघितलं तेव्हा सौद्याच्या दृश्यात पोत्यांवर तेलुगू अक्षरं दिसली. कुणाचं तरी उचललेलं चित्रण. वरून पार्श्वसंगीत एवढं मोठं की खालचा एकही आवाज ऐकू येत नाही. रफ कट बघाल तेव्हा संगीत बंद करून बघा, आणि आपल्या गावात टिपलेले दोन-तीन तुकडे न जोडता, कच्चे मागा. कच्च्या फाइलला तारीख असते.

मग 22,000. 14,000 सेन्सॉर प्रमाणपत्राचे, 8,000 नाट्यगृहाच्या अनामतीचे. प्रमाणपत्राशिवाय जाहीर प्रदर्शन करता येत नाही हे खरं आहे, 1952 च्या कायद्यातच ते आहे, आणि नेमकं त्याच खऱ्यावर त्यांनी पैसे उकळले. पण प्रमाणपत्रासाठी पूर्ण झालेला चित्रपट द्यावा लागतो. ध्वनिमिश्रण न झालेल्या कटाची फी कसली? अर्ज निर्माता ऑनलाइन करतो, फी मंडळाला ऑनलाइन भरतो, त्याला अर्ज क्रमांक मिळतो. तो क्रमांक मागितल्यावर “प्रक्रिया सुरू आहे.” नाट्यगृहाची पावती व्हॉट्सअॅपवर आली. त्या तारखेला तिथे दुसऱ्याच संस्थेचा कार्यक्रम नोंदलेला होता, हे नाट्यगृहाच्या कार्यालयानेच सांगितलं. त्यानंतर टीमचा फोन बंद.

पोलीस ठाण्यात करार दाखवला, तर “करार आहे म्हणजे दिवाणी मामला, वकील गाठा.” सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर सांगितलं, तर पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आणि तेही काही महिन्यांपूर्वी. बँक म्हणते खातेदाराची माहिती पोलिसांच्या पत्राशिवाय नाही. पोलीस म्हणतात गुन्हा दाखल नसताना पत्र कसलं! जीएसटी कार्यालयात खोट्या बिलाची तक्रार घेतली, आणि “तुमच्या पैशाशी आमचा संबंध नाही” हे त्याच दमात. प्रत्येक टेबलाला दुसरं टेबल माहीत आहे, स्वतःचं काम मात्र कुणालाच माहीत नाही. एका साहेबांनी तर “जाहिरात फुकट मिळाली ना थोडी?” असं विचारलं. रफ कट त्यांनाच पाठवायला हवा होता.

‘दिवाणी’ म्हणून परत पाठवलं तर ऐकून घेऊ नका. काम ठरलं आणि नंतर जमलं नाही, तर तो करारभंग. पैसे घेण्याआधीपासूनच हेतू फसवण्याचा होता हे दाखवता आलं, तर ती फसवणूक, भारतीय न्याय संहिता कलम 318(4). म्हणून तक्रारीत “माहितीपट पूर्ण केला नाही” हे पहिलं वाक्य लिहू नका, त्यानेच ती दिवाणी ठरते. सुरुवात पहिल्या हप्त्याच्या आधी सांगितलेल्या खोट्यापासून करा. न भरलेल्या महोत्सवातली निवड, रद्द झालेला दुसऱ्याचा जीएसटी क्रमांक, परवानगीशिवाय छापलेले लोगो. प्रत्येकाचा कागद जोडा आणि प्रत्येकावर तारीख टाका. नाट्यगृहाची खोटी पावती त्यानंतर, शेवटच्या 22,000 साठी. ठाण्यात घेतलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली तेच सगळं पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येतं, आणि तिथेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. आमचं आता अधीक्षकांच्या कार्यालयात आहे. पोच मिळाली, उत्तर नाही.

दरम्यान कराडच्या एका गूळ व्यापाऱ्याकडे तसंच पत्र पोचलंय. पेवांच्या जागी गुऱ्हाळं, बाकी अंदाजपत्रक तेच 18,40,000 चं, ध्वनी तिथेही नाही, 2023 चा महोत्सव तसाच. कुणाकडे आलं असेल तर फाडू नका. पाकीट, ईमेल आणि खाते क्रमांकासह तक्रारीला जोडायला द्या. एकाच खात्यात दोन गावांतून पैसे गेल्याचं कागदावर आलं, तर “दिवाणी” म्हणणं पोलिसांनाही जड जाईल.