पिक्सेल वेगळे काढायचे की अख्खी शेतं?

सेंटिनेल-2 उपग्रहाच्या प्रतिमांवरून ऊस, भात आणि झाडी वेगळी करताना रँडम फॉरेस्टची चाचणी कशी घ्यावी, असं एका मैत्रिणीने विचारलं. सगळे पिक्सेल मिसळून त्यातले 30 टक्के बाजूला ठेवायचे, की काही शेतं पूर्णपणे बाजूला ठेवायची?

मेहनत पाहिली तर पहिला मार्ग सोपा, एका ओळीत होतो. पण त्याच्या आकड्यावर माझा भरवसा नाही. एक हेक्टर उसाच्या शेतात 10 मीटरचे 100 पिक्सेल येतात, आणि ते जवळपास सारखेच असतात. B11 हा पट्टा मुळात 20 मीटरचा. तो 10 मीटरवर आणताना साधी नक्कल केली, तर चार पिक्सेलांना हुबेहूब एकच किंमत मिळते. मग मॉडेलची परीक्षा आधी पाहिलेल्याच शेतावर होते. आउट-ऑफ-बॅग चूकही याच कारणाने फसवी कमी दिसते.

दुसऱ्या मार्गात प्रत्येक शेताला क्रमांक द्यावा लागतो, आणि प्रत्येक वर्गाची बरीच शेतं हवीत.

```python
cross_val_score(rf, X, y, groups=shet_id, cv=GroupKFold(5))
```

प्रशिक्षणाच्या नमुन्यांवर जवळपास 100 टक्के अचूकता रँडम फॉरेस्टमध्ये नेहमीचीच, त्यावरून ओव्हरफिटिंग ठरवू नका. दोन्ही मार्गांच्या आकड्यांत मोठी दरी दिसली, तर मात्र मॉडेलने शेतं पाठ केली आहेत. अशा वेळी मॉडेलमधली झाडं वाढवून फायदा नाही. एका शेतातून मोजकेच पिक्सेल घ्या, शेतं वाढवा, `min_samples_leaf` वाढवून पाहा.

नमुने मुळातच दूरदूरचे सुटे बिंदू असतील आणि नकाशा त्याच परिसराचा हवा असेल, तर पहिला मार्ग पुरतो. शेताच्या सीमा आखून नमुने घेतले असतील, तर दुसराच. शेजारच्या तालुक्यासाठी नकाशा हवा असेल, तर एखादं गावच्या गाव बाजूला ठेवा.