नऊशे रुपयांचा कराओके पेनड्राइव्ह: गाणी भरपूर, शब्द अर्धेमुर्धे

पावसाळ्याच्या सुरुवातीला घेतला, आता दिवाळी तोंडावर आलीय. आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर दर शनिवारी गाणी होतात, त्यासाठी. आवाज उत्तम, वादकांनी हात राखून वाजवलेलं नाही. तबला तर खासच. या बाबतीत पैसे वसूल.

पण शब्द! कुठे तळाची ओळच गायब, कुठे ओळीची सुरुवात आणि शेवट स्क्रीनच्या बाहेर. आणि फाइलचं नाव काय, तर `0417.mp4`. नावही नाही, शब्दही पूर्ण नाहीत, मग गायचं काय?

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "काका, फाइल ओके आहे, टीव्हीचा प्रॉब्लेम." तेव्हा जाम भडकलो. पण खरं सांगायचं तर निम्म्या गाण्यांच्या बाबतीत तो बरोबर निघाला. आमचा टीव्ही 'झूम'वर होता. जुना 4:3 व्हिडिओ रुंद पडदा भरायला ताणला की उंचीचा चौथा हिस्सा वरखाली कापला जातो, आणि शब्द नेमके तळाशी असतात. पिक्चर साइझमध्ये जाऊन 4:3 केल्यावर खालची ओळ परत आली. बाजूला काळे पट्टे दिसतात, दिसू देत. काही टीव्ही चारी कडांनी थोडं थोडं खातात, तिथे 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असा पर्याय शोधायचा.

उरलेल्या गाण्यांना मात्र हा इलाज चालेना. फाइल लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये लावली. तिथे A दाबलं की चित्राचं प्रमाण बदलतं, C दाबलं की कापणी बदलते. दोन्ही मूळ स्थितीवर ठेवूनही शब्द तुटलेलेच. म्हणजे कुणीतरी आधीच कडा छाटून फाइल बनवली होती. छाटलेलं परत येत नाही, गाणंच ओळखावं लागतं. दुकानदार इथे गप्प.

`0417`चं उदाहरण देतो. रोमन लिपीत एवढंच दिसायचं: `don ki shakhon pe soi soi chaa`. गाणं ओळखणाऱ्या अ‍ॅपला ऐकवलं, काही नाही. साहजिक आहे. ते अ‍ॅप मूळ रेकॉर्डिंगचा ठसा जुळवतं, चाल नाही. कराओके नव्याने वाजवलेला, लय वेगळी, पट्टीही बऱ्याचदा वेगळी. फार तर एखाद्या कराओके अल्बमचं नाव येतं, आणि तेही आलं तर सोन्याहून पिवळं, कारण त्यात गाण्याचं नाव असतं.

मग शब्द शोधले. रोमनमध्ये अवतरणात टाकून उपयोग झाला नाही, कारण कुणी shakhon लिहितं, कुणी shaakhon. देवनागरीत मात्र लिहिण्याचे इतके प्रकार नाहीत. शिवाय तुटलेले शब्द अंदाजाने पूर्ण करायचे नाहीत. `chaa` म्हणजे 'चाँद' असेल की 'चाँदनी', कुणास ठाऊक, आणि `don` बघून तर आमच्याकडे एकाला अमिताभ आठवला. मधले अखंड शब्द तेवढे घेतले:

```
"शाखों पे सोई सोई"
```

लगेच सापडलं. 'ये रात ये चाँदनी फिर कहाँ', 'जाल', 1952, संगीत सचिनदेव बर्मन, शब्द साहिर. `don` म्हणजे 'पेड़ों'. मुखडा सगळ्यांना पाठ, पण स्क्रीनवर सुरुवात तुटलेली आणि लक्ष गेलं अंतऱ्यावर, म्हणून कुणाच्या ध्यानात येईना.

एवढ्यावर थांबू नका. या सिनेमात हा मुखडा दोनदा येतो, एकदा हेमंतकुमार एकटे आणि एकदा लताबाईंबरोबर. चुकीच्या गाण्याचे शब्द छापून हातात दिलेत तर अंतऱ्याला गायक एकीकडे आणि ट्रॅक दुसरीकडे. आपल्या फाइलमध्ये 'पेड़ों की शाखों' आहे, म्हणजे एकट्याचं. मी मूळ गाणं एका कानाला आणि ट्रॅक दुसऱ्या कानाला लावून अंतरे मोजून घेतले, मगच फाइलचं नाव बदललं.

मधले चार शब्दही सलग नसतील तर गूगलच्या गुणगुणून शोधण्याचा उपयोग होतो. ही सोय 2020 साली आली आणि ती चाल जुळवते, म्हणून पट्टी बदलली तरी चालतं. पण ट्रॅक ऐकवू नका, त्यात गाणाऱ्याची चालच नसते. ट्रॅकबरोबर आपण दहा-पंधरा सेकंद 'ला ला' करायचं, तेही गाण्याच्या ओळीवर, मधल्या संगीतावर नाही. आमच्या जोशीकाकूंनी केलं की चटकन सापडतं. माझ्या सुरावर आलेल्या उत्तरांबद्दल इथे बोलत नाही.

तर घ्यावा का? नऊशेला नाही. सहाशेला देत असेल आणि घेण्याआधी दोन-तीन फाइल लॅपटॉपवर दाखवत असेल, तर घ्या. मला बदलून मिळाला नाही, "सील तोडलंय" म्हणे. सील न तोडता पेनड्राइव्ह वाजवायचा कसा, हे मात्र त्याने सांगितलं नाही.